महिन्याला पंधरा-वीस पानांसाठी कोणता प्रिंटर?

प्रश्न: मुलगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. महिन्याला १५-२० पानं निघतात, सुट्टीत दोन-दोन महिने काहीच नाही. आधीच्या प्रिंटरची शाई दोनदा वाळली. दुकानदार इंक टँक घ्या म्हणतोय, पानाला खर्च कमी येतो म्हणे. बजेट कमी आहे. काय घ्यावं?

उत्तर: इंक टँक घेऊ नका. दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण पानामागचा तो कमी खर्च रोज छापणाऱ्याला लागू पडतो. शाईत मुख्यतः पाणी असतं आणि ती केसापेक्षा बारीक छिद्रांतून बाहेर पडते. प्रिंटर पडून राहिला की छिद्रांच्या तोंडाशी पाणी उडून जातं आणि रंग घट्ट होऊन बसतो. मग प्रिंटर ही छिद्रं असलेला हेड साफ करतो, म्हणजे चांगली शाई खेचून आतल्या स्पंजमध्ये ओततो. तुमच्यासारख्यांकडे कागदापेक्षा त्या स्पंजलाच जास्त शाई मिळते. शिवाय इंक टँकमध्ये हेड सहसा प्रिंटरचाच भाग असतो. तो कायमचा तुंबला तर दुरुस्तीचा आकडा ऐकून नवाच घ्यावासा वाटतो.

आधी हिशोब करू. महिन्याला २० पानं म्हणजे वर्षाला २४०. झेरॉक्सच्या दुकानात पानाला ३ रुपये धरले तर ७२० रुपये. डिप्लोमाची दोन वर्षं उरली असतील तर दीड हजाराच्या आतच. एवढ्यात कुठलाच प्रिंटर वसूल होत नाही. दुकान इमारतीखाली असेल आणि रात्री उशिरापर्यंत उघडं असेल तर प्रिंटर घेऊच नका, हे माझं प्रामाणिक मत. पण सबमिशनच्या आदल्या रात्री अकरा वाजता दुकान बंद असतं, हेही खरं.

घ्यायचाच असेल तर काळा-पांढरा लेझर घ्या. त्यात शाई नसतेच, टोनर म्हणजे प्लास्टिकची रंगीत भुकटी असते आणि ती उष्णतेने कागदावर चिकटवली जाते. जे ओलं नाही ते वाळणार कसं? सहा महिन्यांनी चालू केला तरी पहिलं पान नीट येतं. नवा लेझर बजेटबाहेर जात असेल तर जुना बघा. कॅनन एलबीपी २९००बी किंवा एचपी लेझरजेट १०२० हे जुने पण दणकट. दोघांचं कार्ट्रिज बाजारात '१२ए' म्हणून मागितलं तरी कळतं आणि ते गल्लीबोळात रिफिल होतं. कार्ट्रिजची क्षमता साधारण २००० पानांची. तुमच्या वापराला एकच कार्ट्रिज डिप्लोमा संपल्यावरही उरेल.

जुना घेताना दुकानातच चार-पाच पानं काढून बघा. छापलेल्या अक्षरांवर लगेच बोट घासा. काळं बोटाला लागलं तर टोनर नीट वितळत नाहीये, म्हणजे बहुधा टोनर तापवून चिकटवणारा फ्यूजर गेलाय. तो सोडून द्या. पानावर एकच ठिपका ठरावीक अंतराने उमटत असेल तर पट्टीने मोजा. या दोन मॉडेलमध्ये अंतर साधारण साडेसात सेंटिमीटर भरलं तर दोष टोनर कागदावर उतरवणाऱ्या ड्रमचा. ड्रम कार्ट्रिजमध्येच असतो, कार्ट्रिज बदललं की काम झालं, त्यामुळे तेवढ्यासाठी प्रिंटर नाकारू नका, भाव पाडा. अंतर वेगळं असेल तर दोष मशीनमधल्या रोलरचाही असू शकतो, तिथे हात घालू नका. आणि तुमचा लॅपटॉप सोबत न्या. जुन्या मॉडेलना वायफाय नाही, मोबाइलवरून थेट प्रिंट निघणार नाही, आणि मॅकवर तर ड्रायव्हर मिळतो का हे आधी तपासायलाच हवं.

लेझरला घरातल्या छोट्या यूपीएसवर जोडू नका, फ्यूजर तापताना तो एकदम बरीच वीज ओढतो. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात कागदाचं रीम वेष्टनात गुंडाळून ठेवा, ट्रेमध्ये लागतील तेवढेच कागद घाला. दमट कागद वळतो आणि अडकतो.

रंगीत पानं क्वचितच लागत असतील तर ती दुकानातून काढा. रंगीत घरीच हवं असा हट्ट असेल तर ज्याच्या कार्ट्रिजलाच हेड असतो असा साधा इंकजेट घ्या. पूर्ण वाळला तरी नवं कार्ट्रिज म्हणजे नवा हेड. कार्ट्रिजच्या खालच्या बाजूला तांब्याच्या रंगाची बारीक छिद्रांची पट्टी दिसली की हेड त्यातच आहे असं समजा. दर आठवड्याला सगळे रंग असलेलं एक पान काढा, आणि बंद करताना प्रिंटरचंच बटण दाबा. त्याने हेड जागेवर जाऊन रबरी टोपीखाली बसतो. भिंतीवरचा स्विच मध्येच बंद केला तर तो उघडाच राहू शकतो. तुमचा आधीचा प्रिंटर कसा बंद करत होता, ते जरा आठवून बघा. तो अजून घरात असेल आणि हेड कार्ट्रिजवरच असेल, तर ती पट्टी कोमट पाण्याने ओल्या केलेल्या टिश्यूवर मिनिटभर टेकवून ठेवा, कोरडी टिपा आणि एकदाच क्लीनिंग चालवा. टिश्यूवर रंगाचे डाग उमटले तर तो अजून जिवंत आहे.