जुना मेसेज शोधायचाय? आधी महिना आठवा

आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीच्या टाकीचं वॉटरप्रूफिंग कुणी केलं, गॅरंटी किती वर्षांची, सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं होतं. आता टाकी परत गळतीय. सर्चमध्ये ‘वॉटरप्रूफिंग’ टाकलं तर काहीच येत नाही ओ.

येणार कसं? सर्च अक्षरं जुळवतो, अर्थ नाही. त्या वेळी कुणी इंग्रजीत ‘waterproofing’ लिहिलं असेल, कुणी ‘water proofing’ असं तोडून, तर कुणी नुसतंच ‘टाकी झाली का?’ म्हणून. कोटेशन तर बहुतेक कागदाचा फोटो काढून टाकलं असणार आणि फोटोतली अक्षरं या सर्चला दिसत नाहीत. व्हॉइस मेसेजमधलं बोलणंही तसंच सुटतं.

म्हणून शब्द सोडा आणि काळ धरा. काम गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला झालं, एवढं कुणाला तरी आठवत असेलच. म्हणजे जानेवारी. ग्रुप उघडून सर्चवर जा. तिथे कॅलेंडरचं चिन्ह दिसेल (अँड्रॉइडवर नसेल तर अ‍ॅप अपडेट करा). त्यातून त्या वर्षाची १० जानेवारी निवडली की चॅट थेट तिथे उघडतं. तिथून पुढे वाचत या. वर्षाची खात्री नसेल तर दोन-तीन जानेवाऱ्या बघाव्या लागतील, पण हजारो ‘गुड मॉर्निंग’ चाळण्यापेक्षा ते परवडलं.

दुसरी वाट फोटोंची. ग्रुपच्या नावावर टिचकी मारून मीडिया, लिंक्स आणि डॉक्सच्या यादीत जा. तिथे फोटो महिन्यांप्रमाणे लावलेले असतात. फुलं आणि सुविचारांच्या गर्दीत रेषा मारलेला पांढरा कागद लगेच नजरेत भरतो. तो उघडून मेनूतून ‘शो इन चॅट’ केलं की मूळ जागी पोचता आणि खरी माहिती बहुधा तिथल्या उत्तरांत मिळते: ‘पाच वर्षांची लेखी देतोय’, ‘अ‍ॅडव्हान्स दिला’ वगैरे. फोटो फोनमधून पुसला गेला असेल आणि नुसता धूसर दिसत असेल, तर ज्यांच्याकडे शाबूत आहे अशा सभासदाकडून परत मागवा.

शब्दानेच शोधायचं असेल तर मराठी आणि रोमन दोन्ही लिपींत शोधा आणि शब्द तोडून टाका: ‘गळती’ऐवजी ‘गळ’. रक्कम आठवत असेल तर ५ आणि 5 हे सर्चच्या लेखी वेगळे आकडे ठरू शकतात, हे लक्षात ठेवा.

मी महत्त्वाचे मेसेज स्टार करून ठेवते. तरी प्लंबरचा नंबर असलेला मेसेज गेलाच!

स्टार म्हणजे फक्त खूण, वेगळी प्रत नव्हे. पाठवणाऱ्याने तो सगळ्यांसाठी डिलीट केला की तुमच्याकडूनही जातो. ग्रुपवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर स्टारचा उपयोग नाही, तिथे मेसेज ‘कीप’ करावा लागतो. चॅट क्लिअर करताना स्टार केलेलेही काढायचे का, असं विचारणारी छोटी चौकट असते. घाईत ती बरोब्बर चुकीची राहते. नंबर मात्र काँटॅक्टमध्येच ठेवा, ‘प्लंबर टाकी’ अशा नावाने.

चॅट एक्स्पोर्ट केलं, पण फाइलमध्ये अगदी जुने मेसेज नाहीतच. फोनमध्ये तर दिसतात.

मर्यादा आहे. मीडियाशिवाय सर्वांत अलीकडचे ४०,००० मेसेज येतात, मीडियासकट फक्त १०,०००. रोज शंभर मेसेज पडणाऱ्या ग्रुपचे ४०,००० म्हणजे जेमतेम तेरा महिने. त्यामुळे कापली गेली की नाही, हे फाइलची पहिली तारीख बघून लगेच कळतं. त्याच्या आधीचं फोनमध्येच शोधायला हवं. यापुढे दर सहा महिन्यांनी मीडियाशिवाय एक्स्पोर्ट करून फायली तारखेच्या नावाने साठवा.

अशा फाइलमधली ओळ साधारण अशी असते:

```
14/01/23, 9:14 pm - सचिव: <Media omitted>
<Media omitted>
```

अनेक ओळींच्या मेसेजला तारीख फक्त पहिल्या ओळीला असते. शब्द सापडला पण तारीख दिसेना, तर वर सरका. आणि `9:14 pm` असं टाईप करून शोधलं तर ‘सापडलं नाही’ येऊ शकतं, कारण हल्लीच्या फायलींत वेळ आणि pm यांच्यात साधी नव्हे, वेगळीच अरुंद मोकळी जागा असते. नुसतं `14/01/23` टाका. तारखेचा क्रम एक्स्पोर्ट करणाऱ्याच्या फोनच्या सेटिंगवर असतो, म्हणून 05/06 बघताना आधी १२ च्या पुढचा आकडा कुठे येतो ते तपासा.

गूगल ड्राइव्हवरच्या बॅकअपमधून तेवढाच एक मेसेज काढता येतो का?

नाही. तो उघडून वाचता येत नाही, अ‍ॅप नव्याने टाकताना अख्खा परत आणता येतो. शिवाय त्यानंतर आलेले आणि बॅकअपमध्ये नसलेले मेसेज त्या नादात जातील. एका गॅरंटीच्या कागदासाठी हा उद्योग करू नका. सोसायटीतला सर्वांत जुना सभासद, ज्याने फोन बदलताना चॅट जपून नेलंय, त्याला त्याच्या फोनवर महिना लावून बघायला सांगा. नव्याने ग्रुपमध्ये आलेल्याच्या फोनवर त्याच्या आधीचं काम शोधून काही हाती लागणार नाही.