इअरबड्सची केस टाइप-सी चार्जरवर चार्ज का होत नाही?

प्रश्न: माझ्या इअरबड्सची केस फोनच्या नव्या चार्जरवर, दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेल्या केबलने अजिबात चार्ज होत नाही. लॅपटॉपला जुन्या केबलने लावली की होते. पॉवर बँकेवर थोडा वेळ चालते आणि मग पॉवर बँकच बंद पडते. वायरलेस पॅडवर ठेवली तर पॅडचा लाइट लुकलुकत राहतो. केस बिघडली आहे का? नवीन घ्यावी का?

उत्तर:

लगेच नवीन घेऊ नका. जुन्या केबलने चार्ज होते म्हणजे आतली बॅटरी आणि चार्जिंगचं सर्किट दोन्ही जिवंत आहेत. तुमच्या तीन तक्रारी एकाच बिघाडाच्या वाटतात, पण त्यांची कारणं तीन वेगळी आहेत. मी छोट्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुरुस्ती करतो आणि नेमक्या याच तक्रारी घेऊन येणाऱ्या बऱ्याच केस धडधाकट निघतात.

आधी नव्या चार्जरचं बघू. जुन्या पद्धतीच्या चौकोनी पोर्टवर, म्हणजे टाइप-ए वर, ५ व्होल्ट कायम हजर असतात. काहीही जोडा, वीज मिळते. टाइप-सी पोर्टचं तसं नाही. समोर खरोखर वीज घेणारी वस्तू आहे याची खात्री पटेपर्यंत तो वीज सोडतच नाही. ही खात्री तो सीसी नावाच्या पिनवरून करतो. वीज घेणाऱ्या वस्तूने आपल्या पोर्टमध्ये दोन सीसी पिनांना प्रत्येकी एक असे ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर ग्राउंडला जोडलेले असावे लागतात. चार्जरला तो रेझिस्टर दिसला की ५ व्होल्ट चालू होतात. दिसला नाही, तर केबलच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही असं चार्जर समजतो.

हे रेझिस्टर अगदी किरकोळ किमतीचे असतात, तरी कितीतरी केसमध्ये ते बसवलेलेच नसतात. मागच्या महिन्यात आलेली एक केस मी उघडली तेव्हा भिंगाखाली चित्र स्पष्ट होतं: पोर्टच्या मागे रेझिस्टरसाठी छापलेल्या दोन जागा, त्यांवर कथिलाचे चकचकीत ठिपके, आणि वर काहीच नाही. तिथे दोन रेझिस्टर डाग देऊन बसवले आणि तीच केस त्याच चार्जरवर पहिल्या झटक्यात चार्ज व्हायला लागली. पण हे काम घरी करून बघू नका. केस चिकटवलेली असते आणि उघडताना पात्याचं टोक बॅटरीत घुसू शकतं.

तुमच्या केसमध्ये हेच झालंय का, हे न उघडताही बऱ्यापैकी कळतं. त्याच नव्या चार्जरवर, त्याच केबलने फोन लावून बघा. फोन चार्ज झाला तर चार्जर आणि केबल ठीक आहेत. मग केस लावा, आणि काही झालं नाही तर केसच्या बाजूचं टोक काढून उलटं करून घाला. एका बाजूने चालते आणि दुसऱ्या बाजूने नाही, तर एकच रेझिस्टर नीट आहे किंवा एका बाजूच्या पिना मळल्या आहेत. दोन्ही बाजूंनी मेलेली असेल आणि टाइप-ए वरून मात्र चालत असेल, तर मी डोळे मिटून रेझिस्टर नाहीत असं म्हणेन. हा बनवतानाच राहिलेला दोष आहे. तो वाढत नाही आणि टाइप-ए वरून चार्ज केल्याने केसचं काही बिघडतही नाही.

नवाच चार्जर वापरायचा असेल तर एक साधा उपाय आहे. पेन ड्राइव्ह फोनला जोडायला जो छोटा ओटीजी अडॅप्टर मिळतो, एका बाजूला टाइप-सी आणि दुसऱ्या बाजूला चौकोनी खाच असलेला, तो चार्जरमध्ये घाला आणि त्यात जुनी केबल लावा. चार्जरला हवा असलेला रेझिस्टर त्या अडॅप्टरमध्ये असतो, त्यामुळे चार्जर ५ व्होल्ट देतो.

इथे बरेच जण विचारतात की ६५ वॉटच्या चार्जरने एवढीशी केस जळणार नाही का. नाही जळणार. वॉट हा चार्जरच्या ताकदीचा आकडा आहे. व्होल्टेज ५ च्या वर नेण्यासाठी समोरच्या वस्तूने तशी मागणी करावी लागते, आणि केस ती करत नाही. किती करंट ओढायचा हे केसच ठरवते. म्हणूनच मोठा चार्जर लावून ती लवकरही भरत नाही.

आता पॉवर बँक. ही गोष्ट आकड्यांत बघितली की लगेच कळते, म्हणून माझ्या स्वतःच्या केसचं सांगतो. तिची बॅटरी ४०० एमएएचची आहे. बड्स बाहेर काढून, पूर्ण रिकामी केस मी पॉवर बँकेला लावली आणि मध्ये यूएसबी मीटर ठेवला. सुरुवातीला मीटरवर ०.३५ अँपिअर दिसत होते आणि जवळजवळ पाऊण तास तो आकडा हलला नाही. मग तो उतरायला लागला: ०.२५, ०.१५, ०.१०. लिथियमची बॅटरी अशीच भरते. ठराविक व्होल्टेजला, बहुधा ४.२ ला, पोचेपर्यंत एकसारखा करंट, आणि मग तेच व्होल्टेज धरून करंट हळूहळू कमी. केस शेवटच्या टप्प्यात रेंगाळते असं वाटतं त्यामागे हेच असतं, तो बिघाड नाही.

आकडा ०.०६ च्या आसपास आला आणि थोड्या वेळाने पॉवर बँकेचे सगळे लाइट विझले. पॉवर बँकेला वाटलं की जोडलेला फोन भरला किंवा कोणी केबल काढली. स्वतःची वीज वाया जाऊ नये म्हणून ती अशी झोपते. ही मर्यादा प्रत्येक पॉवर बँकेची वेगळी असते, साधारण ०.०५ ते ०.१ अँपिअरच्या घरात. माझी केस त्या वेळी जवळजवळ भरलेली होती, त्यामुळे नुकसान काही झालं नाही. पण एखादी केस मुळातच कमी करंट ओढत असेल तर पॉवर बँक अर्ध्या मिनिटातही बंद पडू शकते.

बऱ्याच पॉवर बँकांमध्ये यासाठी कमी करंटचा मोड दिलेला असतो. बटण दोनदा पटकन दाबलं, किंवा काहींमध्ये दोन-तीन सेकंद दाबून धरलं, की तो सुरू होतो आणि एखादा वेगळ्या रंगाचा लाइट लागतो. त्या मोडमध्ये ती काही तास जागी राहते. तुमच्या पॉवर बँकेत तो मोड नसेल तर बड्स केसमध्ये ठेवूनच चार्जिंगला लावा, म्हणजे एकूण करंट वाढतो. किंवा दुसऱ्या पोर्टवर फोनही लावा. काही पॉवर बँका सगळ्या पोर्टांचा करंट एकत्र मोजतात, त्यांच्यावर ही युक्ती चालते. आणि केबल लावताना पॉवर बँकेचा टाइप-सी पोर्ट नको, चौकोनी पोर्ट वापरा, नाहीतर वरचाच रेझिस्टरचा प्रश्न पुन्हा आडवा येईल.

पॅडचा लुकलुकणारा लाइट हा केसचा नसून पॅडचा आहे हे तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत, कारण लोक इथेच गोंधळतात. बऱ्याच पॅडवर लुकलुकण्याचा अर्थ असतो की वर काहीतरी आहे पण बोलणं जुळत नाही. पॅड सतत छोटी हाक देत असतं. केसमधल्या कॉइलने उत्तर दिलं तरच पूर्ण वीज सुरू होते. धातूची वस्तू मध्ये असेल, केसवर जाड किंवा कडी असलेलं कव्हर असेल, किंवा कॉइल पॅडच्या मध्यावर नसेल, तर उत्तर पोचत नाही.

फोनची कॉइल मोठी असते, केसची नखभर. ती बहुतेक वेळा रुंद पाठीमागे असते, म्हणजे केस उभी न ठेवता आडवी, लाइट वर येईल अशी ठेवावी लागते. तुम्ही कव्हर काढून केस पॅडच्या बरोबर मध्यावर ठेवा, मग दोन-तीन मिलिमीटर सरकवा आणि तीन सेकंद हात बाजूला घ्या. पुन्हा सरकवा, पुन्हा थांबा. घाईने फिरवत राहिलात तर जागा सापडूनही निसटते. पॅडमध्ये फोनसाठी चुंबकाची गोल कडी असेल तर आणखी एक अडचण येते: केसच्या झाकणातलं चुंबक त्या कडीला चिकटतं आणि केस मध्यावरून एका बाजूला ओढली जाते. सापडलेल्या जागेवर पेन्सिलची खूण करून ठेवा.

एवढं करूनही पॅड लुकलुकत असेल तर पॅडचा अडॅप्टर बघा. कित्येक पॅडना ९ व्होल्ट लागतात आणि आपण त्यांना लॅपटॉपच्या पोर्टला जोडतो. आणि तुमच्या केसला वायरलेस चार्जिंग आहे ना, हे तिच्या खोक्यावर एकदा तपासा. बऱ्याच केसना ते नसतंच, आणि बाहेरून कळत नाही.

केसच्या स्वतःच्या लाइटबद्दल एवढंच सांगतो की रंगांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तो माहितीपत्रकातच बघायला हवा. पण दोन गोष्टी फार लोकांना फसवतात. पांढरा लाइट लुकलुकणं हे अनेक केसमध्ये ब्लूटूथ जोडणीचं चिन्ह असतं, चार्जिंगशी त्याचा संबंध नसतो. आणि काही केसचा लाइट चार्जिंगला लावल्यावर काही सेकंद लागतो आणि विझतो, चार्जिंग मात्र चालूच असतं. लाइट विझला म्हणून केबल काढू नका. अर्ध्या तासाने फोनवर टक्केवारी बघा.

केस कित्येक महिने पडून राहिली असेल तर लावल्यावर पहिली १५-२० मिनिटं कसलाच लाइट न लागणंही शक्य आहे, कारण फार उतरलेल्या बॅटरीला सर्किट आधी अगदी थोडा करंट देतं. केस हाताला चटका बसेल इतकी तापत असेल किंवा तिची कड फुगलेली दिसत असेल, तर मात्र केबल लगेच काढा आणि ती पुन्हा चार्ज करू नका.

तुम्ही टोक उलटं करून बघण्याची चाचणी आधी करा आणि दोन्ही बाजूंनी काय झालं ते इथे लिहा. एका बाजूने चालली तर पोर्टमधला कचरा लाकडी टूथपिकने, केबल काढलेली असताना, हलक्या हाताने काढून मग पुन्हा बघा. खिशातली लव तिथे दाबली जाऊन चटईसारखी घट्ट बसते. ती निघाली की केबलचं टोक पूर्ण आत जाताना हलकीशी खट्ट जाणवायला हवी.