नऊ महिन्यांची बचत आणि पहिला कन्सोल : नवा की वापरलेला?

परदेशात राहणाऱ्या एका आईने लिहिले आहे : ‘आमचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. गेले नऊ महिने तो दोन लहान मुलांना गणित शिकवून मिळालेले पैसे साठवतो आहे आणि त्याला प्लेस्टेशन 5 हा व्हिडिओ गेमचा कन्सोल घ्यायचा आहे. नवा घ्यायचा तर त्याच्या पैशांत केवळ डिस्क ड्राइव्ह नसलेली डिजिटल आवृत्ती बसते. तो म्हणतो की त्यापेक्षा ड्राइव्ह असलेला वापरलेला कन्सोल घेऊ. त्याच्या बाबांना ते पटत नाही. दुसऱ्याने टाकलेल्या वस्तूवर पोराची वर्षभराची कमाई का घालवायची, असा त्यांचा प्रश्न आहे. आम्हा दोघांना या यंत्रांतले काही कळत नाही. काय करावे?’

ताई, तुमच्या मुलाचा कल मला बरोबर वाटतो. मात्र बाबांची शंकाही खरी आहे आणि तिचे उत्तर विकणाऱ्याच्या घरी तासभर बसूनच मिळेल. तो तास कसा घालवायचा हे पुढे सविस्तर लिहिते. आधी हिशेब पाहू.

देशोदेशी किमती निराळ्या असतात, म्हणून नव्या डिजिटल आवृत्तीची किंमत 100 भाग धरू. तुम्ही पत्रात दिलेल्या आकड्यांवरून मुलाकडे 108 भाग जमले आहेत, म्हणजे तो महिन्याला 12 भाग बाजूला टाकतो. नवी डिजिटल आवृत्ती घेतली तर हातात 8 भाग उरतात आणि तेवढ्यात एखादा नवा मोठा खेळही येत नाही. ड्राइव्हसह वापरलेला कन्सोल त्याला 68 भागांत मिळतो आहे, म्हणजे 40 भाग उरतात. त्यांतले 15 हातात धरून खेळायचा कंट्रोलर बिघडला तर असावेत म्हणून राखून ठेवावेत, 10 भागांत जुन्या डिस्कवरचे दोन-तीन खेळ घ्यावेत आणि मित्रांसोबत ऑनलाइन खेळायचे असेल तर उरलेल्या 15 भागांतून प्लेस्टेशन प्लसची वर्गणी भरावी. या वर्गणीचा घरच्यांना सहसा पत्ता नसतो. विकत घेतलेले बहुतेक खेळ इतरांबरोबर ऑनलाइन खेळायचे तर ती लागते. फुकट मिळणाऱ्या खेळांना लागत नाही. मुलगा नक्की कोणते खेळ खेळणार आहे हे त्याला आजच विचारा, कारण कदाचित हे 15 भाग वाचतील.

डिस्क ड्राइव्हचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डिजिटल आवृत्तीवर खेळ फक्त कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून घेता येतो. तो खात्याला जोडलेला असतो, त्यामुळे पुढे विकता येत नाही आणि मित्राला वापरायलाही देता येत नाही. त्या दुकानात अधूनमधून मोठ्या सवलती असतात हे खरे, पण सवलत कधी आणि कशावर द्यायची हे दुकान ठरवते. डिस्क मात्र वस्तू आहे : ती जुनी मिळते, खेळून झाल्यावर विकता येते आणि अदलाबदलही करता येते. शिवाय प्लेस्टेशन 4 चे बहुतेक सगळे खेळ प्लेस्टेशन 5 वर चालतात, त्यामुळे त्या काळातल्या स्वस्त डिस्कांचा मोठा साठा मुलाला खुला होतो. कमाई मर्यादित असलेल्या मुलासाठी ड्राइव्ह म्हणजे पुढच्या दोन-तीन वर्षांचा खर्च आटोक्यात ठेवण्याचे साधन आहे.

येथे एक बारकावा सांगते. 2020 साली आलेल्या मूळ डिजिटल आवृत्तीला नंतर ड्राइव्ह बसवता येत नाही. 2023 च्या अखेरीस आलेल्या लहान आकाराच्या डिजिटल आवृत्तीला तो वेगळा विकत घेऊन जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते. बाबांचा आग्रह नव्यासाठीच असेल तर हा मध्यममार्ग आहे : आता नवी डिजिटल आवृत्ती घ्यायची आणि काही महिन्यांनी ड्राइव्ह जोडायचा. तोवर खेळांवर खर्च करायला मुलाच्या हातात फारसे काही नसेल, एवढे त्याला आधी सांगा.

आता तपासणीकडे वळते. माझ्या भाच्याने असाच वापरलेला कन्सोल घेतला तेव्हा मी सोबत होते, म्हणून जे प्रत्यक्ष घडले तेच सांगते. त्याने पाहिलेला पहिला कन्सोल दिसायला निर्दोष होता. विकणाऱ्याने तो टीव्हीला जोडून दाखवला आणि खेळ सुरू झाला. भाच्याने मागे जोडलेली एचडीएमआय केबल खोचलेल्या जागी बोटाने हलकेच हलवली, तसे चित्र एकदा गेले आणि परत आले. विकणारा म्हणाला की केबल जुनी आहे. आम्ही आमची केबल नेली होती; ती लावली, तरी तेच झाले. म्हणजे दोष कन्सोलच्या खाचेत होता. केबल तिरकी ओढली गेली की आतले बारीक संपर्क वाकतात किंवा सांधा सुटू लागतो, आणि तो दुरुस्त करायला यंत्र उघडून सोल्डरिंग करणारा कुशल माणूस लागतो. भाच्याने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवले होते, त्याचा जीव त्या कन्सोलमध्ये अडकला होता आणि परतीच्या वाटेवर तो एक शब्द बोलला नाही. अशा वेळी त्याची समजूत घालण्याची घाई करू नये. तो गप्प राहिला तरी निर्णय त्याने स्वतः आणि योग्य घेतलेला होता.

दुसऱ्या ठिकाणी आम्ही ठरवून क्रम लावला. सोबत एक डिस्क, आपली एचडीएमआय केबल आणि मोबाइलचा विजेरी दिवा एवढेच सामान होते. आधी दिव्याच्या उजेडात खाचा आणि हवेच्या जाळ्या पाहिल्या. थोडी धूळ चालते; स्क्रूंवर ओरखडे असतील तर मात्र विचारावे की यंत्र कोणी आणि कशासाठी उघडले होते. या कन्सोलमध्ये मुख्य चिप आणि उष्णता शोषणारा धातूचा भाग यांच्यामध्ये द्रवरूप धातूचा थर असतो. अननुभवी हाताने तो भाग उघडला असेल तर असे यंत्र मी घेणार नाही, किंमत कितीही कमी असो.

मग डिस्क घातली. ती आत गेली, ओळखली गेली आणि खेळ सुरू झाला. तरीही ती तीन वेळा काढून घातली, कारण बिघडू लागलेला ड्राइव्ह एकदा वाचतो आणि पुढच्या वेळी नाकारतो. मूळ कन्सोलमधला ड्राइव्ह त्याच यंत्राच्या मुख्य सर्किटशी जोडलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या यंत्रातला ड्राइव्ह काढून तसाच बसवला तर चालत नाही. ज्या ड्राइव्हसाठी आपण वापरलेला कन्सोल घेतो आहोत तोच अशक्त निघाला तर सारा हिशेब कोसळतो, म्हणून येथे संकोच करू नये.

त्यानंतर जड चित्रांचा खेळ पाऊण तास चालू ठेवला. थंड यंत्र पाच मिनिटे नीट चालतेच. उष्णतेचा दोष अर्ध्या तासानंतर दिसतो. पंख्याचा आवाज चढत गेला, पडद्यावर कन्सोल फार तापल्याची सूचना आली किंवा तो आपोआप बंद पडला, तर उठावे. आमचा शांत चालला. त्या पाऊण तासात भाच्याने एकदा कंट्रोलर टेबलावर ठेवून हात काढून घेतला, तेव्हा पडद्यावरचे दृश्य कोणी न हलवता हळूहळू डावीकडे सरकू लागले. कंट्रोलरच्या दांड्याखालची विद्युत पट्टी घासून झिजली की यंत्राला दांडा कलल्याचा भास होतो. हा दोष सर्रास आढळतो आणि फक्त कंट्रोलरचा असतो, कन्सोलचा नव्हे. म्हणून आम्ही उठलो नाही. नव्या कंट्रोलरची किंमत वजा करायला सांगितली आणि विकणाऱ्याने ते मान्य केले.

शेवटचा भाग खात्याचा, आणि पैसे त्याच्यानंतरच द्यायचे. विकणाऱ्याने आपल्या खात्यातून Console Sharing and Offline Play ही खाते यंत्राशी जोडून ठेवणारी सोय बंद करावी आणि मग Settings > System > System Software > Reset Options > Reset Your PS5 या मार्गाने यंत्र कोरे करावे. त्यानंतर तिथेच बसून तुमच्या मुलाच्या खात्याने प्रवेश करा. नियम मोडल्यामुळे कंपनीने एखाद्या कन्सोललाच ऑनलाइन सेवेतून बाद केलेले असू शकते, आणि तसे असेल तर ते याच क्षणी कळते. घरी आल्यावर कळून उपयोग नसतो. मूळ पावती मिळाली तर वॉरंटी किती उरली हे समजते आणि वस्तू चोरीची नसल्याची खात्रीही वाढते. पावतीवरचा किंवा खोक्यावरचा अनुक्रमांक यंत्रावरच्या अनुक्रमांकाशी ताडून पाहा.

हे खाते उघडतानाच परदेशातल्या कुटुंबांची एक चूक हमखास होते. मामाने किंवा काकांनी भारतात असताना उघडलेले खाते मुलाला वापरायला दिले जाते, किंवा देश निवडताना सवयीने भारत निवडला जातो. प्लेस्टेशनच्या खात्याचा देश एकदा ठरला की बदलता येत नाही, आणि तुम्ही राहता तिथे घेतलेले भेटकार्ड दुसऱ्या देशाच्या खात्यात चालत नाही. तेव्हा जिथे राहता त्या देशाचे खाते आधी तुम्ही स्वतःच्या नावाने उघडा आणि मुलाचे खाते त्याच्या खऱ्या जन्मतारखेसह त्याखाली जोडा. खर्चाची मर्यादा आणि वेळेची बंधने तिथूनच ठरवता येतात.

बाबांना एवढे सांगा की माझी मर्यादाही स्पष्ट आहे. विकणारा तासभर बसू देत नसेल, कन्सोल टपालाने पाठवतो म्हणत असेल किंवा वापरलेल्याची किंमत ड्राइव्हसह नव्याच्या चार पंचमांशांहून जास्त असेल, तर वापरलेला घेऊ नये. तुमच्याकडे ड्राइव्हसह नवा 115 भागांना मिळतो, म्हणजे 92 च्या वर वापरलेला घेण्यात अर्थ नाही. मुलाने आणखी एकच महिना शिकवण्या केल्या तर नवाच त्याच्या हातात येईल. कंपनीने स्वतः दुरुस्त करून वॉरंटीसह विकलेले कन्सोल तुमच्या देशात मिळत असतील तर या दोहोंच्या आधी ते पाहा. सध्या तरी 68 भागांचा तो कन्सोल पाहायला जा, बाबांनाही सोबत न्या, आणि कंट्रोलर टेबलावर ठेवून हात काढण्याचे काम मुलालाच करू द्या.