एकाच हिरव्यागार चौकोनावर भाळू नकोस

बॅकटेस्टमध्ये २०/१०० च्या मूव्हिंग ॲव्हरेज जोडीला शार्प रेशो १.८ आला म्हणून लगेच तीच पकडू नकोस. आधी हीटमॅप काढ: आडवी छोटी ॲव्हरेज, उभी मोठी. मग त्या चौकोनाचे आठ शेजारी बघ. समजा १८/१०० आणि २०/११० ला ०.३ च दिसतंय, तर तो १.८ बहुधा दोन-चार नशिबाच्या ट्रेडचा आहे. ट्रेडची यादी उघडलीस की कळेल. त्यापेक्षा सगळीकडे ०.९ ते १.१ असलेलं पठार शोध आणि त्याच्या मधली जोडी घे, कडेची नको.

मोठ्या ॲव्हरेजची पायरी टक्क्यांत ठेव. ५० वरून ६० आणि २०० वरून २१० हे सारखे बदल नव्हेत. आणि रंगपट्टी शून्यापासून लाव, नाहीतर (मी फसलोय) तोट्याचा पट्टाही हिरवागार दिसतो.