एरर पेजवरची मोडकी बंडी

प्रश्न: आमची यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपनी आहे. नवीन साइटवर कापूस-तुरीचे भाव दिसतात आणि काट्याचं टोकन काढता येतं. डिझायनरनं एरर पेजसाठी चित्र दिलं आहे: चाक मोडलेली बैलगाडी, शेजारी डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी, वर “अरेच्चा! रस्ता चुकला वाटतं”. निम्म्या संचालकांना आवडलं, निम्म्यांना नाही. चांगलं की वाईट, हे ठरवायचं कसं?

मी वर्ध्याकडचा, शेतमाल खरेदीच्या साइटींची पानं करतो. आधी एक विचारतो: हे चित्र कोणत्या एररसाठी आहे? तुमच्या लिहिण्यावरून एकच चित्र सगळीकडे लागणार असं दिसतं, आणि संचालकांत दोन तट पडले ते बहुतेक त्यामुळेच. प्रत्येकाच्या डोळ्यासमोर वेगळा प्रसंग आहे.

४०४ म्हणजे मागितलेलं पान तिथं नाही. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी मागच्या हंगामाची लिंक टाकली, कास्तकारानं ती दाबली, पान केव्हाच काढलेलं होतं. त्याचं काही गेलं नाही, तो फक्त भलतीकडे आला. इथं थोडा हलका सूर चालतो. ५०० म्हणजे आपल्या सर्व्हरवर आपलंच काहीतरी बिघडलं. ५०३ म्हणजे गर्दीमुळे किंवा देखभालीमुळे सर्व्हर सध्या काम घेऊ शकत नाही. ही दोन पानं लोकांना कधी दिसतात, ते बघा. तुरीची खरेदी उघडते त्या सकाळी, सगळा तालुका एकाच वेळी टोकन काढत असतो तेव्हा. भाड्याची गाडी भरून दारात उभी असते, गाडीवाला घाई करत असतो आणि पडद्यावर “अरेच्चा!” येतं. तोच शब्द, तेच चित्र. पण ४०४ वर ते गोड वाटतं आणि इथं टिंगल वाटते.

आता तुमचं चित्र खरं बोलतं का ते पाहू. मोडलेलं चाक म्हणजे बिघाड. “रस्ता चुकला” म्हणजे पान सापडलं नाही. चित्र ५०० चं आहे आणि शब्द ४०४ चे, त्यामुळे वाचणाऱ्याला नेमकं काय झालं ते कळणार नाही. दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. बंडी कुणाची मोडली? चित्रात ती शेतकऱ्याची आहे. प्रत्यक्षात बिघडला तुमचा सर्व्हर. म्हणजे चूक कंपनीची आणि चित्रात नुकसान गिऱ्हाइकाचं. एरर पेजचं कोणतंही चित्र समोर आलं की मी आधी हेच बघतो: यात अडचणीत कोण आहे आणि अडचण निस्तरतंय कोण. ५०० च्या चित्रात कंपनीची गाडी मोडलेली असावी आणि कंपनीचा माणूस वाकून चाक बसवत असावा. ४०४ साठी बंडी नकोच. पांदण एका धुऱ्यापाशी येऊन संपली आहे आणि तिथूनच एक वाट गावाकडे वळली आहे, एवढं पुरे. त्या वळणाऱ्या वाटेच्या टोकाशी “आजचे भाव” हे बटण ठेवलं तर चित्रच बोट दाखवून काम करतं.

डोक्याला हात लावलेला शेतकरी मात्र कोणत्याच पानावर नको. पुण्या-मुंबईच्या डिझायनरला ती “अरे देवा” म्हणण्याची साधी मुद्रा वाटते, त्यात त्याचा वाईट हेतू नाही. पण आपल्याकडे कर्ज, नापिकी आणि आत्महत्येच्या बातम्यांशेजारी वर्षानुवर्षं हेच चित्र छापून आलं आहे. यवतमाळच्या कंपनीचा सभासद ते बघेल तेव्हा त्याला आपल्या गावातलं एखादं घर आठवेल. ज्या संचालकांना चित्र आवडलं नाही, त्यांना कारण सांगता आलं नसेल तरी बहुतेक हेच टोचलं असावं. त्यांचं ऐका.

उलटी चूकही होते, आणि ती मी स्वतः पाहिली आहे. एका खरेदी-नोंदणीच्या पानावर ५०० साठी हसरा हिरवा ट्रॅक्टर होता, भोवती पिवळी फुलं, आणि खाली बारीक राखाडी अक्षरांत “काहीतरी गडबड झाली, पुन्हा प्रयत्न करा”. नोंदणी यशस्वी झाल्याच्या पानावरही तोच ट्रॅक्टर, फक्त त्यावर बरोबरची खूण. एका काकांनी फॉर्म भरला, हसरा ट्रॅक्टर पाहिला आणि फोन खिशात टाकून वावरात गेले. आठ दिवसांनी यादी लागली, त्यात त्यांचं नाव नव्हतं. मला म्हणाले, “हिरवं आलं होतं ना जी, म्या म्हटलं झालं.” त्यांनी काहीच चुकीचं वाचलं नव्हतं. चित्र पानाचा निम्मा भाग व्यापून “झालं” म्हणत होतं आणि कोपऱ्यातली ओळ “नाही झालं” म्हणत होती. माणूस मोठ्या आवाजाचंच ऐकतो. आम्ही दोन बदल केले. ट्रॅक्टर फक्त यशाच्या पानावर राहिला, आणि बिघाडाच्या पानावर पहिली ओळ ठळक अक्षरांत आली: “तुमची नोंदणी झालेली नाही.”

या प्रसंगानंतर मी प्रत्येक चित्रावर एक तपासणी करतो, तुम्हीही करा. यशाचं पान आणि एररचं पान शेजारी-शेजारी ठेवा, फोन हातभर लांब धरा, अक्षरं वाचता येणार नाहीत इतका. आता कोणतं पान कोणतं ते ओळखू येतं का? नाही आलं तर सूर चुकला आहे, चित्र कितीही सुबक असलं तरी.

मग उपयोगाचं. साधा, ३६० पिक्सेल रुंदीचा अँड्रॉइड फोन घ्या, कारण सभासदांच्या हातात बहुतेक तसलाच असतो. चित्रानं उंचीचा एक-तृतीयांशाहून जास्त भाग खाल्ला, तर बटण खाली ढकललं जातं आणि पान तिथंच संपलं असं वाटतं. आता चित्रावर तळहात ठेवा. उरलेल्या पानातून तीन गोष्टी कळायला हव्यात: काय झालं, माझं काही गेलं का, आता काय करू. टोकनाला पैसे लागत असतील तर पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, “पैसे कटले का?” त्याचं उत्तर कोणतंही चित्र देऊ शकत नाही, ते शब्दांतच द्यावं लागतं. त्यात एक जपा: पैसे कटले की नाही हे त्या क्षणी तुमच्या सर्व्हरला ठाऊक नसेल, तर “काळजी करू नका, पैसे सुरक्षित आहेत” असं लिहू नका. “पैसे कटले असतील तर पुन्हा भरू नका. ‘माझे टोकन’मध्ये पाहा किंवा ऑफिसला फोन करा” असं लिहा आणि फोन नंबर असा द्या की दाबला की लागेल.

हे शब्द चित्रातच कोरू नका. कोरलेली अक्षरं मोठी करता येत नाहीत, आणि फोन वाचून दाखवणाऱ्या सोयीला ती दिसत नाहीत. पानावरचे शब्द सगळं सांगत असतील तर चित्राला `alt=""` द्यायला सांगा. नाहीतर डोळ्यांनी अधू माणसाला कामाची ओळ ऐकायच्या आधी मोडक्या बंडीचं वर्णन ऐकावं लागतं. आणि ५०० चं पान, चित्रासकट, साइटच्या चालत्या प्रोग्रामवर अवलंबून नसावं. प्रोग्राम बंद पडला की त्याच्याकडूनच मागवलेलं चित्रही येत नाही आणि तिथं रिकामी चौकट दिसते. चित्र लहान एसव्हीजी करून पानातच घातलं की हा प्रश्न राहत नाही. हे तुमचा साइटवाला करेल. तुम्ही फक्त त्याला प्रोग्राम मुद्दाम बंद करून पान दाखवायला सांगा.

एकच चित्र किती वेळा दिसणार, यावरही सूर ठरतो. ट्विटर बंद पडलं की पक्ष्यांनी उचललेला देवमासा दिसायचा, यियिंग लू यांनी काढलेला. लोकांना तो आवडायचा, पण इतक्या वेळा दिसला की तो वारंवार बंद पडणाऱ्या ट्विटरची ओळखच झाला. २०१३ मध्ये ट्विटरनं तो काढून टाकल्याचं सांगितलं. क्रोममध्ये नेट नसताना दिसणारा डायनासोर २०१४ पासून आहे आणि अजून टिकला आहे, कारण तिथं कुणाची चूक नसते आणि वाट बघण्यापलीकडे काही करताही येत नाही, म्हणून खेळ चालतो. तुमच्या सभासदांना नेट गेल्याचं पान वावरात रोज दिसू शकतं. तिथं विनोद नको. शेवटचे पाहिलेले भाव आणि ते किती वाजताचे आहेत एवढं दाखवलं तरी ते पान उपयोगी पडेल.

शेवटी कंपनीच्या स्वभावाशी मेळ. यासाठी मोठमोठ्या विशेषणांची यादी करू नका. चित्राची प्रिंट काढा आणि टेबलावर काट्याची पावती, कंपनीचे मागचे दहा मेसेज आणि भावाच्या फळ्याचा फोटो यांच्याशेजारी ठेवा. मेसेजमध्ये तुम्ही “आदरणीय सभासद” लिहिता आणि एरर पेज “अरेच्चा!” म्हणतं, तर ती दोन वेगळी माणसं बोलत आहेत. काट्यावरचा तुमचा माणूस काटा बंद पडल्यावर जे म्हणतो, “थांबा भाऊ, दुरुस्त करून राहिलो, तुमचा नंबर जात नाही,” तोच खरा कंपनीचा आवाज आहे. पानावरची ओळ मी त्यावरूनच लिहीन, फक्त “तुमचा नंबर जात नाही” हे खरोखर तसं असेल तरच.

चित्रातले तपशीलही याच टेबलावर तपासा. मला अशा चित्रांत हमखास लांब, मागं वळलेल्या शिंगांचे खिलार बैल आणि पाठीमागं ऊस दिसतो. ते सोलापूर-सांगलीकडचं दृश्य झालं. आपल्याकडचा गवळाऊ बैल पांढरा-करडा, आखूड शिंगांचा, आणि मागं कपाशी किंवा तुरीच्या ओळी. सभासद हे शब्दांत सांगणार नाही, पण चित्र आपल्या वावरातलं की परक्या मुलखातलं, हे तो बघता क्षणी ओळखतो.

डिझायनरला सगळं रद्द करायला सांगू नका, त्याची बंडी कामाची आहे. तिच्यावर कंपनीचं नाव घाला, माणूस उभा करून त्याच्या हातात पाना द्या आणि ती ५०० व ५०३ पुरती ठेवा. ४०४ साठी पांदणीचं वेगळं साधं चित्र मागवा. मग दोन्ही पानं संचालकांना न दाखवता काट्यावर आलेल्या चार-पाच सभासदांना त्यांच्याच फोनवर दाखवा. “कसं वाटलं” असं विचारू नका, “काय झालं असेल, आणि तुम्ही आता काय कराल?” एवढंच विचारा.