किट रोख घेऊ का हप्त्यावर? आधी सोसायटी भरा, मग बॅटरी काट्यावर ठेवा

"सर, मी सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आहे, पगार 19 हजार. आई-वडील मंगळवेढ्याकडं वस्तीवर राहतात, घरात लाइट नाही. एक एजंट सोलर किट देतोय, 40 वॅट पॅनल, 40 एएच बॅटरी, 4 बल्ब, 1 फॅन, वर कंदील फ्री. रोख 26,500 किंवा 2,500 भरून 1,240 चे 24 हप्ते. 78 हजारांपर्यंत सबसिडी पण येते म्हणतोय. सोसायटीचं पीककर्ज 1 लाख 60 हजार भरायला पैसे ठेवलेत, पुढच्या महिन्यात मुदत आहे, पण माफी होणार म्हणतात म्हणून यंदा भरणार नाही. मग त्यातूनच रोख देऊ का हप्ता करू?"

किटचं नंतर बघू. पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य वाचून मी चहा बाजूला ठेवला.

मुदतीत भरलं तर 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्राची सूट आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. म्हणजे तुमच्या वडिलांना आज हे पैसे फुकट वापरायला मिळालेत. मुदत चुकली की ती सवलत गेली, वर्षाचं सहा-सात टक्के धरलं तरी दहा-अकरा हजार अंगावर, पुढं थकबाकीचं व्याज वेगळं, आणि खरा फटका हा की पुढच्या हंगामाला सोसायटी दारात उभं करणार नाही. मग बियाणं-खताला पैसे कुठून, तर गावातल्या तीन टक्केवाल्याकडून. तीन टक्के महिन्याला हो, लाखाला महिन्याला तीन हजार.

राहिली माफी. 2019 ला जी झाली ती 30 सप्टेंबर 2019 ला थकीत असलेल्यांना, 2 लाखांच्या आतली. म्हणजे कुठली तारीख धरायची, किती रकमेपर्यंत, कोण बसणार हे सगळं जीआर निघाल्यावर कळतं, आधी नाही. आणि त्याच योजनेत नियमित भरणाऱ्यांना 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन पण मिळालं होतं, हे पारावर कुणी सांगत नाही. तेव्हा सोसायटी भरा, अख्खी भरा, पावती घ्या, आणि नवीन हंगामाचं कर्ज मागा. त्या पैशातले 26,500 तर सोडाच, 500 पण काढायचे नाहीत.

आता सबसिडी. 26 हजारांच्या मालाला 78 हजार सबसिडी, हे ऐकतानाच हसू यायला पाहिजे होतं की. तो 78 हजाराचा आकडा पीएम सूर्य घर योजनेचा आहे, 3 किलोवॅट आणि वरच्या, महावितरणच्या मीटरला जोडलेल्या छतावरच्या सिस्टीमचा. तुमच्या वस्तीवर मीटरच नाही. एजंटला हे माहीत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका आणि माहीत असेल तर मुळीच घेऊ नका.

हप्त्याचं पण सांगून टाकतो. 24 हजार उसने, परत 29,760. तो म्हणणार महिन्याला फक्त एक टक्का. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 24 हजारांवर लावलंय, म्हणून खरा दर वर्षाला 22 च्या आसपास पडतो. तर रोख का हप्ता, याचं उत्तर दोन्ही नाही, कारण या वस्तूची एवढी किंमतच नाही.

बाजारात ढोबळ भाव असे: चांगलं 40 वॅटचं पॅनल दोन-अडीच हजार, 40 एएचची ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालायची लेड बॅटरी पाच हजारांच्या आसपास, बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा चार्ज कंट्रोलर सहा-सातशे, चार डीसी बल्ब आठशे-हजार, 12 व्होल्टचा फॅन दीड हजाराच्या आत, वायर-स्विच-स्टँड हजार-दीड हजार. सगळं मिळून 11-12 हजार. दोन दुकानांत फोन करून स्वतः खात्री करा, थोडंफार इकडंतिकडं होईल, पण दुप्पट होणार नाही.

आणि आता खरी गोम. समजा एजंटनं सगळा माल एक नंबर दिला, तरी हे किट चालणार नाही. पैशांचा सल्ला देताना जसा घरखर्चाचा हिशोब करतो तसा करू. पॅनल म्हणजे पगार, बॅटरी म्हणजे बचत खातं. आपल्याकडं वर्षाच्या सरासरीत दिवसाला पाचेक तास भरघोस उन्हाएवढं मिळतं, 40 वॅट गुणिले 5 म्हणजे 200 वॅट-तास, त्यातलं उष्णता, धूळ, वायर आणि बॅटरीत जाऊन हाताशी 140 राहतं. हा रोजचा पगार. खर्च बघा: पाच-पाच वॅटचे तीन दिवे पाच तास, 75. बाहेरचा तीन वॅटचा दिवा रात्रभर, 30. दोन-तीन मोबाइल, 35. झाले 140. पगार संपला. आता 20 वॅटचा फॅन रात्री आठ तास लावा, अजून 160. म्हणजे रोज पगाराच्या दुप्पट खर्च, आणि तो सगळा बॅटरीतून ओढला जातो. लेड बॅटरी रोज निम्म्यापर्यंतच वापरली तर चार-पाच वर्षं जाते, रोज तळाला गेली तर वर्ष-दीड वर्षात झोपते. मग म्हातारी म्हणते सोलर काय खरं नाही. सोलर खरं असतं हो, फॅन जास्तीचा असतो.

म्हणून पहिल्यांदा फक्त दिवे आणि मोबाइल. फॅन लावायचाच असेल तर तसंच अजून एक 40 चं पॅनल घ्या, तरी रात्री पाच तासांवर चालवू नका म्हणजे बॅटरी निम्म्याखाली जाणार नाही, आणि पावसाळ्याच्या ढगाळ दिवसांत फॅन बंद ठेवायचा हे घरात सांगून ठेवा.

आता माल ओळखायचा कसा. बॅटरी सगळ्यात आधी, कारण फसवणूक तिथंच होते. माझ्या मामाच्या बार्शीच्या वस्तीवर असंच एक किट आलं होतं, दुकानाचं नाव सोडा, बॅटरीवर 40 एएचचं झकास स्टिकर. मी एका हातानं उचलून ओट्यावर ठेवली तेव्हाच शंका आली. मामानं ज्वारी मोजायचा काटा काढला, भरली साडेसहा किलो. 40 एएचची लेड बॅटरी 11-12 किलोच्या खाली नसते, ट्युब्युलर तर त्याहून जड, कारण क्षमता म्हणजे शिसं आणि शिसं हलकं होत नाही. स्टिकरचा कोपरा नखानं सोलला तर खाली दुसराच आकडा, 18. तेव्हा दुकानात जाताना ताणकाटा घेऊन जा, हसले तर हसू द्या. सोबत बनवल्याची तारीख बघा, लेड बॅटरी सहा-आठ महिने चार्ज न करता गोदामात पडली की आतून खराब होते, बाहेरून नवी कोरी दिसते.

अजून एक घरगुती परीक्षा आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करून तिला मोटरसायकलच्या हेडलाइटचा 12 व्होल्ट 35 वॅटचा बल्ब लावा, तो तीन अँपिअरच्या आसपास ओढतो. खरी 40 असेल तर 12 तासांच्या आसपास चालेल. बल्ब कंट्रोलरमधून लावा, म्हणजे व्होल्टेज 11 च्या आसपास आलं की तो आपोआप तोडेल. पाच तासांत तोडला तर बॅटरी परत करा. आणि कंट्रोलरच नसलेलं किट, पॅनलची वायर सरळ बॅटरीला, असं दिसलं तर तिथूनच परत फिरा.

कुणी लिथियमची देतो म्हणाला तर व्होल्टेजचा आकडा वाचा. 12.8 लिहिलं असेल (एका सेलचे 3.2) तर ती लिथियम आयर्न फॉस्फेट, दीड-दोन हजार वेळा आरामात चार्ज होते, महाग असली तरी हिशोबात बसते, वजनाची परीक्षा मात्र तिला लागू नाही. 11.1 किंवा 3.7 लिहिलं असेल तर ते लॅपटॉप-मोबाइलच्या जातीचे सेल, आयुष्य बरंच कमी, आणि बहुतेक वेळा वापरलेले काढून बसवलेले असतात.

पॅनलला टेप लावा. आजकालचं छोटं पॅनल चौरस फुटाला साधारण 13 ते 18 वॅट देतं, म्हणजे 40 ला सव्वादोन-तीन चौरस फूट जागा पाहिजेच. एक बाय दीड फुटाच्या पॅनलवर 40 लिहिलेलं असेल तर ते 27 च्या वर जाणार नाही, मागं काही का छापलेलं असेना. वर टफन काच आणि ॲल्युमिनियमची फ्रेम हवी, प्लास्टिकसारखा थर असलेलं एक-दोन उन्हाळ्यांत पिवळं पडतं. ओळखीचा वायरमन असेल तर भर दुपारी मीटर लावून शॉर्ट सर्किट करंट मोजायला सांगा, 40 वॅटच्या 12 व्होल्टवाल्या पॅनलला सव्वादोन अँपिअरच्या आसपास यावा, दीड आला तर पॅनल 40 चं नाही. लेबलवर आर पासून सुरू होणारा नंबर असला तर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा, कंपनीचं नाव जुळतंय का ते लगेच कळतं. आणि 25 वर्षांची वॉरंटी फक्त पॅनलची असते, बॅटरीची वेगळी लिहून घ्या, पक्क्या बिलावर, सिरियल नंबरसकट.

दिव्याचं सोपं आहे. वॅट नाही, लुमेन म्हणजे प्रत्यक्ष उजेड किती ते विचारा, चांगला एलईडी वॅटला 100 लुमेनच्या पुढं देतो. "9 वॅट" लिहिलेला आणि खरा तीन वॅटचा, असे बल्ब ढिगानं आहेत. अर्धा तास लावून घरच्या 9 वॅटच्या शेजारी धरा, डोळ्यालाच कळेल. मागची बॉडी हात ठेववणार नाही इतकी तापली तर तो लवकर मंद होणार. फ्रीच्या कंदिलाचा विचारच करू नका, त्यात बहुतेक 4 व्होल्टची छोटी सीलबंद लेड बॅटरी असते, दोन-तीन महिने कपाटात चार्जविना राहिला की मेला.

पैसे कुठून? फॅन सोडून दहा-साडेदहा हजारांचं काम आहे. हप्त्याला द्यायला तयार होतात ते 1,240 आणि डाउन पेमेंटचे 2,500 तर तुमच्याकडं आहेतच, त्यात कारखान्यातला ओव्हरटाइम टाकला तर चार-पाच महिन्यांत जमतं. तोवर एक बरा चार्जिंगचा दिवा घेऊन द्या. नंतर महिन्याला शंभर रुपये बॅटरीच्या नावानं पोस्टात टाकत जा, चार-पाच वर्षांनी नवी बॅटरी त्यातूनच येईल.

बसवताना पॅनल दक्षिणेकडं तोंड करून 15-20 अंश तिरकं, आणि लिंबाच्या सावलीतून पूर्ण बाहेर, एका कोपऱ्यावर फांदीची सावली आली तरी निम्मं उत्पन्न जातं. बॅटरी पत्र्याखाली ठेवू नका. आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहितेय, पत्र्याच्या खोलीत बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. मातीच्या भिंतीची खोली असेल तर तिथं, खाली फळी टाकून, खिडकीजवळ. आणि ट्युब्युलरला दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर बघायला आईला शिकवून ठेवा, वडील विसरतात.