रेघ क्रियापदाखाली, पुरावा रेघेबाहेर

तालुक्याच्या अभ्यासिकांमधून सेंटेन्स इम्प्रूव्हमेंटबद्दल, म्हणजे इंग्रजी वाक्यात रेघ मारलेल्या भागासाठी योग्य पर्याय निवडण्याबद्दल, तेच ते प्रश्न येत आहेत. घोळ बहुतेकांचा एकच आहे, रेघ फक्त क्रियापदाखाली असली की काय करायचं. त्यातले काही प्रश्न इथे घेतो.

सर, बाकीचं वाक्य सोडून थेट पर्याय वाचले तर चालते का? टाइम वाचते. (दर्यापूर)

नाही चालत.

दोन पर्याय उडवता येते, पण उरलेल्या दोनात नेहमीच अडकतो. (मूल)

रेघेबाहेरचा मजकूर तुम्हाला बदलता येत नाही, म्हणजे परीक्षकानं तो बरोबर धरलेला आहे. पुरावा तिथेच शोधायचा. हे वाक्य घ्या: ‘द क्वालिटी ऑफ द ऑरेंजेस सोल्ड इन अवर मार्केट हॅव डिक्लाइन्ड सिन्स लास्ट इयर.’ रेघ ‘हॅव डिक्लाइन्ड’खाली. पर्याय तीन: ‘हॅज डिक्लाइन्ड’, ‘हॅड डिक्लाइन्ड’, ‘आर डिक्लाइनिंग’. चौथा ‘नो इम्प्रूव्हमेंट’.

आधी कर्ता पाहा. क्रियापदाच्या जवळ संत्री दिसतात म्हणून पोरं अनेकवचन धरतात, पण कर्ता ‘क्वालिटी’ आहे, एकवचनी. ‘आर’ गेलं, आणि ‘हॅव’ गेलं म्हणजे ‘नो इम्प्रूव्हमेंट’ही गेलं. तुम्ही अडकता ते इथे, कारण ‘हॅज’ आणि ‘हॅड’ दोन्ही एकवचनाला चालतात आणि तरी तुम्ही कर्त्याकडेच पाहत बसता. आता कर्ता सोडा, काळ पाहा. ‘हॅड’ला टेकायला भूतकाळातली दुसरी एखादी घटना लागते. वाक्याच्या सुरुवातीला ‘द ट्रेडर्स सेड दॅट’ असतं तर वजन ‘हॅड’कडे गेलं असतं. इथे तसं काही नाही, ‘सिन्स लास्ट इयर’ आतापर्यंत येऊन पोचतं. ‘हॅज डिक्लाइन्ड’.

काळानेही सुटलं नाही तर कर्तरी की कर्मणी ते बघा. त्यानंतरही दोन उरले तर ते वाक्य वहीत उतरवून इंग्रजीच्या सरांकडे न्या.

एका रीलमध्ये सांगितलं का ‘सिन्स’ दिसला की ‘हॅव बीन’ आणि आयएनजीवाला पर्याय टिक करा. मी टेस्टमध्ये तसंच करून राहिलो. बरोबर आहे का? (आर्वी)

बंद करा, आजच. अशा ट्रिकांची पीडीएफ विकणाऱ्याला तुमच्या मार्कांशी देणंघेणं नाही. हे पाहा: ‘आय अ‍ॅम नोइंग हिम सिन्स 2019.’ पर्यायांत ‘हॅव नोन’ आहे, ‘हॅव बीन नोइंग’ही आहे. ट्रिकवाला दुसरा उचलतो, आणि परीक्षकानं तो त्याच्यासाठीच मांडलेला असतो. ओळखणं ही स्थिती आहे, चालू असलेली क्रिया नाही. ‘नो’, ‘बिलाँग’, ‘ओन’ यांना आयएनजी लागत नाही. उत्तर ‘हॅव नोन’.

पुढे ऐका. ‘सिन्स इट वॉज रेनिंग, द बस वॉज लेट.’ इथे ‘सिन्स’ कारण सांगतो, ‘हॅव बीन’चा संबंधच नाही. ‘हिज मदर सेड दॅट ही हॅड बीन इल सिन्स मंडे.’ इथे ‘सिन्स’ वेळच सांगतो, पण बाहेर ‘सेड’ आहे म्हणून ‘हॅड’. एकच शब्द, तीन वाक्यं, आणि ट्रिक तिन्हीकडे पडली.

तेव्हा ‘सिन्स’ दिसला की दोन गोष्टी तपासा. त्याच्यापुढे वेळ आहे की कारण? आणि रेघेतलं क्रियापद क्रिया सांगतं की स्थिती? स्थितीच्या क्रियापदांची यादी पाठ करून भागत नाही, हेही सांगून ठेवतो. ‘आय हॅव अ बायसिकल’मध्ये ‘हॅव’ ही स्थिती, पण ‘वी आर हॅविंग लंच’ अगदी बरोबर. शंका आली की शब्दकोशातली उदाहरणं पाहा, मग शिक्षकांना विचारा. रीलवाल्याला नको.

‘नो इम्प्रूव्हमेंट’वर टिक करायची भीती वाटते. (चिखली)

तोही एक पर्यायच आहे, त्यालाही कर्ता आणि काळ लावा. टिकला तर टिक करा, काहीच सुचत नाही म्हणून मात्र नको. एसएससी सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात बरोबर उत्तराला 2 गुण मिळतात आणि चुकलं तर 0.50 कापतात, तेव्हा दोनच पर्याय उरले असतील तर प्रश्न सोडू नका. दुसऱ्या परीक्षेत कपात वेगळी असू शकते, जाहिरात वाचा.

‘इफ आय … द सरपंच, आय वुड रिपेअर द रोड’ मध्ये उत्तरतालिकेत ‘वेअर’ आहे, आमचे सर ‘वॉज’ म्हणतात. निकाल लागल्यावर हरकत घेऊ का? (दारव्हा)

निकालानंतर काय उपयोग? हरकत तात्पुरत्या उत्तरतालिकेवर घ्यायची असते, मुदत थोड्याच दिवसांची असते आणि पैसे प्रश्नागणिक जातात. या प्रश्नावर तर घेऊच नका. बाहेर ‘वुड’ आहे, म्हणजे सरपंच होणं ही नुसती कल्पना, आणि परीक्षेत तिथे ‘वेअर’च धरतात. बोलण्यात ‘वॉज’ चालतं, त्यामुळे तुमचे सर अगदीच चुकले असंही नाही. दुसऱ्या एखाद्या उत्तराबद्दल खात्री असेल तर व्याकरणाच्या पुस्तकातलं पान घेऊन जवळच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांना दाखवा, आणि मुदत संपायच्या आत दाखवा.